दहा जीबीची फाइल, आठ जीबीची मेमरी

लिनक्सवर चालणारा एक साधा लॅपटॉप घेऊ. मेमरी 8 जीबी, आणि डिस्कवर 10 जीबीची एक फाइल. तिच्यात 10 कोटी नोंदी, प्रत्येक 100 बाइटची, सगळ्या क्रमांकानुसार लावलेल्या. त्यातली एक नोंद शोधायची आहे. प्रोग्रॅम `mmap` वापरून ही फाइल आपल्या मेमरीशी जोडून घेतो आणि हे काम निमिषात संपतं. इतक्यात 10 जीबी वाचून झाली?

एक बाइटही वाचलेला नसतो. ऑपरेटिंग सिस्टिमने प्रोग्रॅमला फक्त 10 जीबीभर पत्ते दिले आणि त्या पत्त्यांवर कोणती फाइल आहे, एवढं टिपून ठेवलं. `top` उघडलं तर VIRT या रकान्यात 10 जीबीहून मोठा आकडा दिसतो. RES, म्हणजे खरोखर मेमरीत असलेला भाग, मात्र जेमतेम काही एमबी.

आता शोध सुरू होतो. क्रमाने लावलेल्या यादीत आधी मधली नोंद पाहायची, मग उरलेल्या अर्ध्यातली मधली. प्रोग्रॅम 500 कोटीव्या बाइटला हात लावतो. प्रोसेसर पत्त्यांचा तक्ता पाहतो; तिथे काहीच नाही. तो ती सूचना अर्ध्यावर थांबवून कारभार कर्नलकडे सोपवतो. याला पेज फॉल्ट म्हणतात. नाव दोषाचं असलं तरी यात काही बिघडलेलं नसतं. कर्नल प्रोग्रॅमला झोपवतो, फाइलचा तेवढाच तुकडा, म्हणजे सहसा 4096 बाइटचं पान, डिस्कवरून आणतो, तक्ता भरतो आणि तीच सूचना पुन्हा चालवायला लावतो. प्रोग्रॅमला याचा पत्ताही लागत नाही.

10 कोटींत एक नोंद शोधायला सुमारे 27 पायऱ्या लागतात. एका पानात 40 नोंदी मावतात, म्हणून शेवटच्या पाचेक पायऱ्या एकाच पानात उरकतात. हात लागतो तो साधारण 22 पानांना, म्हणजे 88 केबीला. प्रत्यक्षात कर्नल पुढचा अंदाज बांधून आजूबाजूची पानंही आणतो. इथे ती मेहनत बहुतेक वाया जाते. `madvise` ला `MADV_RANDOM` सांगितलं की तो आवरतं घेतो. दुसऱ्या शोधात सुरुवातीची पानं मेमरीतच सापडतात. जागा कमी पडली तर न बदललेली पानं कर्नल बिनदिक्कत टाकून देतो, कारण मूळ प्रत डिस्कवर आहेच.

या सोयीची किंमत मात्र लपलेली असते. साध्या बेरजेची ओळही कधी डिस्कसाठी खोळंबते आणि कोड वाचून ते कळत नाही. प्रोग्रॅम `/usr/bin/time -v` लावून चालवला की Major page faults चा आकडा ते उघड करतो. त्याहून वाईट म्हणजे, जोडलेली फाइल दुसऱ्या कुणी मध्येच कापून छोटी केली, तर कापलेल्या भागातल्या पानाला हात लावताच प्रोग्रॅम `Bus error` म्हणत कोसळतो. `read` ने वाचताना अशा वेळी फाइल संपल्याचं उत्तर मिळतं आणि ते तपासता येतं. इथे उत्तर तपासायला जागाच नसते. `SIGBUS` हा सिग्नल आधीच पकडायची तजवीज करावी लागते, आणि ती फार थोडे लोक करतात.