पंप किती वेळा सुरू व्हावा?

गावाचा उतार संपतो तिथे गटाराचं पाणी एका विहिरीत गोळा करून पंपाने वर ढकलावं लागतं. अभियंते या विहिरीला ‘वेट वेल’ म्हणतात. पाणी वरच्या खुणेला पोचलं की फ्लोट उचलला जातो आणि पंप चालू होतो. खालच्या खुणेला उतरलं की बंद. या दोन खुणांमध्ये किती पाणी मावतं, यावर पंपाचं आयुष्य ठरतं. विहीर एकूण किती खोल आहे, याचा त्याच्याशी फारसा संबंध नाही.

समजा, पाच हजार वस्तीची एक वसाहत आहे. माणशी रोज १३५ लिटर पाणीपुरवठा आणि त्यातलं ८० टक्के गटारात, असा हिशेब धरला तर दिवसाला ५ लाख ४० हजार लिटर सांडपाणी येतं, म्हणजे मिनिटाला सरासरी ३७५ लिटर. सकाळच्या गर्दीत याच्या तिप्पट पाणी येईल असं धरतात. म्हणून मिनिटाला १,२०० लिटर उपसणारा एक पंप आणि तेवढाच दुसरा राखीव ठेवला.

पंपाला सर्वात जास्त त्रास सकाळच्या गर्दीत होत असेल, असं कुणालाही वाटेल. पण तेव्हा तो सलग चालतो आणि मोटरला सलग चालणं सोसतं. तिला सोसत नाही ते पुन्हापुन्हा सुरू होणं. थेट सुरू होताना मोटर नेहमीच्या सहा-सात पट विद्युतप्रवाह ओढते, वाइंडिंग तापतं, आणि ती उष्णता बाहेर पडायच्या आत पुन्हा बटण पडलं तर इन्सुलेशन हळूहळू जळत जातं. पॅनेलमधल्या काँटॅक्टरचीही झीज होते.

पंप सर्वात जास्त वेळा सुरू होतो तो येणारं पाणी त्याच्या क्षमतेच्या निम्मं असताना. इथे ते मिनिटाला ६०० लिटर. दोन खुणांमध्ये ३,००० लिटर मावत असतील तर विहीर पाच मिनिटांत भरते आणि पाच मिनिटांत रिकामी होते; दर दहा मिनिटांनी एक सुरुवात, तासाला सहा. पाणी याहून कमी असो वा जास्त, फेरी लांबतेच. सरासरी ३७५ लिटरला भरायला आठ मिनिटं लागतात आणि उपसायला पावणेचारच्या आत, म्हणजे साडेअकरा मिनिटांहून थोडी जास्त.

त्यावरून नियम निघतो: पंपाचा मिनिटाचा उपसा गुणिले फेरीची किमान मिनिटं, भागिले चार. १,२०० गुणिले १०, भागिले ४, म्हणजे ३,००० लिटर. दोन मीटर व्यासाच्या विहिरीत हे पाणी जेमतेम ९५ सेंटिमीटर उंचीत बसतं. दोन पंप आळीपाळीने चालवले तर प्रत्येकाच्या सुरुवाती निम्म्या होतात, हे खरं. पण त्या भरवशावर विहीर लहान करू नये. एक पंप दुरुस्तीला गेला की सगळा भार दुसऱ्यावर येतो.

‘सुरक्षित असावा’ म्हणून दुप्पट क्षमतेचा पंप बसवण्याची खोड इथेच महागात पडते. विहीर तीच राहिली तर फेरी पाच मिनिटांवर येते आणि तासाला बारा सुरुवाती होऊ शकतात.

मग विहीरच भली मोठी बांधावी का? तर तेही नाही. केंद्र सरकारची सांडपाण्याची नियमपुस्तिका, सीपीएचईईओ मॅन्युअल, दोन्ही टोकं बांधून देते: पंपाची फेरी पाच मिनिटांहून कमी नको आणि सरासरी प्रवाहात पाणी विहिरीत तीस मिनिटांहून जास्त थांबायला नको. पाच मीटर व्यासाच्या विहिरीत एक मीटरची पट्टी ठेवली तर १९,६०० लिटर मावतात आणि भरायला ५२ मिनिटं लागतात. वसाहतीत अजून चौथाईच घरं भरली असतील तर साडेतीन तास. एवढ्यात गाळ तळाला बसतो, वर तेलकट साय धरते आणि साचलेल्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटू लागतो. हा वायू जीवघेणा आहे. शिवाय भिंतीच्या ओल्या भागावरचे जिवाणू त्याचं सल्फ्युरिक आम्ल करतात आणि काँक्रीट झडू लागतं.

हिशेब बरोबर असूनही पंप सारखा चालू-बंद होत असेल, तर ऑपरेटरने घड्याळ लावून पाहावं. विहिरीत उतरण्याची गरज नाही, उतरूही नये. भरायला आठ मिनिटं लागली म्हणजे ३७५ लिटर येत आहेत. उपसायला पावणेचारऐवजी सहा मिनिटं लागली, तर पंप १,२०० ऐवजी ८७५ लिटरच देतो आहे. इंपेलर झिजला असेल किंवा त्यात चिंध्या अडकल्या असतील.

पंप थांबताक्षणी पाणी झपाट्याने चढत असेल, तर संशय एनआरव्हीवर घ्यावा. त्याची झडप नीट बसली नाही की वर ढकललेलं पाणी मागे येतं. १५० मिलिमीटरच्या तीनशे मीटर पाइपात ५,३०० लिटर असतात, म्हणजे दोन खुणांमधली जागा भरून उरेल एवढे. खात्री करायला पंप थांबताच एनआरव्हीपुढचा स्लूस व्हॉल्व्ह बंद करावा. पाण्याचं चढणं लगेच मंदावलं, तर दोष झडपेचाच आहे आणि पंप बाहेर काढायची गरज नाही.