कपाट घ्यायचं, तर पाठ बघून

जुन्या फर्निचरच्या जाहिरातीतला फोटो बहुतेक वेळा समोरून काढलेला असतो. आरशाचं दार, चकचकीत सनमायका, वर ठेवलेली फुलदाणी. लबाडी म्हणून कोणी असं करतं असं नाही; घरात आपण कपाटाची तीच बाजू रोज पाहतो. पण पाणी आणि कीड समोरून सुरुवात करत नाहीत. कपाटाची पाठ, तळ, पलंगाचे सांधे आणि पट्ट्यांची खालची बाजू ही त्यांची ठिकाणं. त्यामुळे फर्निचर पाहायला जाताना टॉर्च, मोजपट्टी, छोटा स्क्रू ड्रायव्हर आणि एखादं जुनं एटीएम कार्ड सोबत न्यावं, आणि जावं शक्यतो दिवसा.

समजा, तुमच्याच सोसायटीतल्या एका कुटुंबाची बदली झाली आहे. तीन दारांचं कपाट ते ८,००० रुपयांना आणि सागवानी पलंग १२,००० रुपयांना द्यायला तयार आहेत. कपाट चार वर्षांचं आहे आणि नव्यासारखं दिसतं. पलंग वीस वर्षांचा, पॉलिश उडालेला, बसलं की कुरकुरतो. पहिल्या नजरेत कपाट स्वस्त आणि पलंग महाग वाटेल. जरा जवळ जाऊन पाहू.

कपाट नेमकं कशाचं?

विकणारा ‘लाकडी कपाट’ म्हणतो, तेव्हा त्याला स्वतःलाही आत काय आहे हे ठाऊक असतंच असं नाही. सनमायकाखाली काय दडलंय ते कळतं फळी जिथे कापलेली किंवा भोक पाडलेली असते तिथे. दार उघडून विचारून बिजागरीचे स्क्रू सैल करा आणि तिच्यासाठी कोरलेल्या गोल खळग्यात टॉर्च मारा. एकावर एक पातळ थर दिसले तर प्लायवुड. पातळ थरांमध्ये लाकडाच्या जाड पट्ट्या असतील तर ब्लॉकबोर्ड. लाकडाचे बारीक तुकडे दाबून चिकटवलेले दिसले तर पार्टिकल बोर्ड, आणि कुठलेही रेषे वा तुकडे न दिसता एकसारखा तपकिरी गर दिसला तर एमडीएफ. अस्सल लाकडात वरच्या पृष्ठभागावरच्या रेषा कडेवरून खाली उतरतात. नुसता पातळ पापुद्रा चिकटवला असेल तर त्या कडेपाशीच तुटतात.

हे ओळखायचं ते प्रतिष्ठेसाठी नव्हे. नुकसान दुरुस्त होईल की नाही, हे या सामग्रीवर ठरतं. साग भिजला तर फुगतो, वाळला की बराचसा पूर्ववत होतो. पार्टिकल बोर्ड भिजला की आतले दाबलेले तुकडे फुलतात आणि त्यांना धरून ठेवणारा डिंक सुटतो. तो वाळतो, पण पुन्हा मूळ जाडीवर येत नाही आणि पहिल्यासारखा घट्टही होत नाही. शिवाय त्यातून एकदा ओढून निघालेला स्क्रू त्याच भोकात पुन्हा तितका पक्का बसत नाही.

आपल्या उदाहरणातलं कपाट पार्टिकल बोर्डचं निघालं. एवढ्यावरून ते नाकारायचं कारण नाही. कोरड्या भिंतीला राहिलेलं आणि कधीच न हलवलेलं असं कपाट आणखी काही वर्षं नक्की चालेल. मात्र आता पाणी शोधायचं.

पाण्याची खूण

शेजाऱ्याकडून घेण्याचा मोठा फायदा इथे होतो. एकाच इमारतीत वरखालच्या घरांचा नकाशा सारखाच असतो. बाथरूमला लागून असलेली बेडरूमची भिंत कोणती आणि पावसाळ्यात बाहेरून ओल धरणारी कोणती, हे तुम्हाला आधीच माहीत असतं. कपाट त्याच भिंतीला उभं असेल तर तपासणी तिथूनच सुरू करा.

आधी मोजपट्टी. कपाटाच्या बाजूच्या फळीची जाडी वर, डोळ्यांच्या पातळीला मोजा आणि मग तळाशी, जमिनीपासून दोन-तीन इंचांवर मोजा. फळी वर १८ मिलिमीटर आणि खाली २० किंवा २१ भरली, तर ती खालून पाणी प्यायली आहे. रोज फरशी पुसतानाचं पाणीही वर्षानुवर्षं हे काम करतं. मग कडेवरून बोट फिरवा. कडेची पट्टी सुटलेली असेल किंवा सनमायकाखाली फुगवटा हाताला लागला, तर मोजमापाला पुष्टी मिळाली.

नंतर कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढायला सांगा. पाठीला बहुधा अगदी पातळ फळी असते. ती तळहाताने दाबून पाहा. ती लहरी झालेली, मऊ लागणारी किंवा काळ्या ठिपक्यांची असेल, तर तिथे ओल मुरून बुरशी आलेली आहे. शेवटी नाक वापरा. दारं दहा मिनिटं बंद ठेवून एकदम उघडली की कुबट वास लपत नाही. डांबरगोळ्यांचा किंवा सुवासिक फवाऱ्याचा दर्प आला, तर कपाट रिकामं करून, दारं उघडी ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहण्याची विनंती करा.

एक गोष्ट मात्र पावसाळ्यात गोंधळात टाकते. जुलै-ऑगस्टमध्ये अस्सल लाकडाचा ड्रॉवर अडकतो, कारण लाकूड हवेतला ओलावा शोषून थोडं रुंदावतं. तोच ड्रॉवर मार्चमध्ये मोकळा सरकतो. हा दोष नाही. तळाशी जाड झालेली पार्टिकल बोर्डची फळी हा कायमचा दोष आहे.

आपल्या कपाटाच्या तळाशी ती फळी २१ मिलिमीटर भरली. वजन पेलणारी फळीच कमजोर झाली आहे. शिवाय एवढं कपाट लिफ्टमध्ये मावत नाही, म्हणजे ते सोडवून पुन्हा जोडावं लागणार. याआधी किती वेळा सोडवलं, हे विचाराच. स्क्रूच्या भोकात काड्या किंवा फेव्हिकॉल भरलेला दिसला तर उत्तर न विचारताच मिळतं. अशा कपाटाला ८,००० रुपये तर नाहीतच. सोडवणं, हमाली आणि नवी फळी धरली तर अर्ध्या किमतीतही ते महाग पडेल.

पलंगातली कीड

आता सागवानी पलंग. सागाला भुंगा लागत नाही असं आपण ऐकत आलो आहोत, आणि ते सागाच्या गडद गाभ्याबद्दल बऱ्याच अंशी खरं आहे. गाभ्याबाहेरचं फिकट लाकूड मात्र कीड खाते. पॉलिशचा रंग चढवल्यावर दोन्ही सारखीच दिसतात. शिवाय गादीखालच्या पट्ट्या कित्येकदा हलक्या लाकडाच्या असतात. म्हणून गादी काढून पट्ट्या उलट्या करून पाहाव्यात.

टाचणीने पाडल्यासारखी, एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं ही भुंगेऱ्यांची बाहेर पडायची वाट. खरं खाणं आत अळीने केलेलं असतं. तेव्हा भोकं दिसणं म्हणजे कीड जिवंत आहे असं नव्हे. ती कधीच निघून गेलेली असू शकते. पट्ट्या ब्रशने स्वच्छ करून खाली काळा कागद अंथरावा आणि पलंग न हलवता आठवडाभर तसाच ठेवावा. कागदावर मैद्यासारखी बारीक, फिकट पूड पुन्हा पडली तर कीड चालू आहे असं समजावं. ऑनलाइन भेटलेला अनोळखी विक्रेता एवढा वेळ देणार नाही, शेजारी देईल. कीड पट्ट्यांपुरतीच असेल तर पट्ट्या बदलाव्यात. पायांत किंवा मुख्य चौकटीत असेल तर पलंग सोडून द्यावा.

पूड न दिसता खसखशीएवढे कोरडे दाणे ढिगाने सापडले, तर ती सुक्या लाकडात राहणारी वाळवी. आपल्या ओळखीच्या, मातीच्या नळ्या करणाऱ्या वाळवीला जमिनीतला ओलावा लागतो, त्यामुळे फर्निचर तिथून हललं की तिचा संबंध बहुधा तुटतो. सुक्या लाकडातली वाळवी मात्र लाकडाबरोबरच तुमच्या घरी येते.

सगळ्यात चिवट पाहुणा ढेकूण. पूर्ण वाढलेला ढेकूण साधारण पाच मिलिमीटरचा, पण तो कार्डाच्या जाडीच्या फटीत राहतो. उशाकडची फळी चौकटीला मिळते तो सांधा, स्क्रूची भोकं, पट्ट्यांची टोकं इथे टॉर्च धरून एटीएम कार्ड फटीतून ओढा. शाईचे ठिपके पडल्यासारखे काळे डाग, पांढरी बारीक अंडी किंवा सुकी साल कार्डावर आली की समजावं. ओल्या कापसाने पुसल्यावर डाग तांबूस-तपकिरी पसरला, तर शंका आणखी पक्की होते. “घर चार महिने बंद होतं” हे उत्तर पुरेसं नाही, कारण ढेकूण रक्ताशिवायही काही महिने तग धरतो. उन्हात ठेवण्याचा जुना उपाय लोखंडी खाटेला बरा. जाड लाकडाच्या सांध्यात पुरेशी उष्णता पोहोचत नाही आणि ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतात. उशाला कापडी गादी शिवलेला पलंग किंवा सोफा असेल तर आतलं पाहताच येत नाही; तळाचं कापड थोडं उचलू द्यायला मालक तयार नसेल तर व्यवहार थांबवावा.

आपल्या पलंगात ढेकूण नव्हते. कागद आठवडाभर कोरा राहिला. कुरकुर होती सैल झालेल्या सांध्यांची, आणि ती सर्वांत कमी चिंतेची. लाकडात खाच आणि जीभ बसवून केलेला सांधा सुतार सोडवतो, जुना डिंक खरवडतो आणि पुन्हा घट्ट बसवतो. त्याने सांधे आणि पॉलिश मिळून ३,००० रुपये सांगितले, तर ९,००० हा आपला न्याय्य देकार. इथेच आपली गाडी अडते. ओळखीच्या माणसाच्या घरी कपाट ओढून पाहायला आणि कमी किंमत सांगायला संकोच वाटतो. भीड ही भिकेची बहीण. फोनवरच सांगून ठेवावं की सुताराला घेऊन येतो, पाठ आणि तळ पाहतो. आधी सांगितलेलं कोणाला खटकत नाही. अनोळखी विक्रेत्याकडून पाठीचा, तळाचा आणि बिजागरीचा जवळून काढलेला फोटो आधी मागवावा, आणि वस्तू प्रत्यक्ष पाहण्यापूर्वी आगाऊ पैसे देऊ नयेत.

किंमत बोलण्याआधी दोष कोणत्या जातीचा आहे ते ठरवा. सैल सांधा, उडालेलं पॉलिश, तुटलेली बिजागरी यांचा खर्च सुताराला विचारून वजा करता येतो, म्हणून तिथे घासाघीस करा. फुगलेला पार्टिकल बोर्ड दुरुस्त होत नाही, पण तो तुमच्या घरातल्या दुसऱ्या कशाला इजा करत नाही. त्याचं आयुष्य किती उरलं आहे तेवढेच पैसे द्या, आणि ते बरेचदा वाहतुकीइतकेही नसतात. ढेकूण, सुक्या लाकडातली वाळवी आणि चौकटीत चालू असलेला भुंगा यांना कुठलीच किंमत नाही, कारण ते एका पलंगावर थांबत नाहीत. मालक फुकट देतो म्हणाला, तरी नको म्हणा.