आजारपण आणि प्रबंधाची मुदत

पीएच.डी.चा प्रबंध सादर करायला यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार प्रवेशापासून जास्तीत जास्त सहा वर्षे मिळतात. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षांपर्यंत वाढ मिळू शकते. महिला आणि 40 टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यापुढेही दोन वर्षांची सवलत आहे. पण ही वाढ हक्काने मिळत नाही, मागावी लागते.

समजा, एका विद्यार्थिनीची मुदत जूनअखेर संपते. जानेवारीत तिला क्षयरोगाचे निदान झाले, सहा महिन्यांचे उपचार सुरू झाले. पाच प्रकरणे लिहून झाली आहेत, शेवटचे आणि संदर्भसूची बाकी. तिने अर्जात नेमके एवढेच लिहावे: उपचार कधीपासून, किती महिने काम थांबले, काय उरले, कोणत्या तारखेला प्रबंध देणार. आजाराचे करुण वर्णन नको. समितीला तारखा हव्या असतात. डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावरही ‘विश्रांतीची गरज’ एवढ्याने भागत नाही, कालावधी हवा.

खरे वजन मार्गदर्शकांच्या पत्राला असते. ‘शिफारस करतो’ ही एक ओळ म्हणजे नुसती सही. आजारापूर्वी काम वेळेवर चालले होते, पाच प्रकरणे मी तपासली आहेत, उरलेले सहा महिन्यांत होईल, असे सरांनी स्वतः लिहिले तर समितीला निर्णय घेता येतो. अर्ज आणि पत्रातल्या तारखा जुळल्या नाहीत, तर फाइल परत येते.

आणि अर्ज मुदत संपण्याआधीच द्या.