पैसे परत मिळतील, पण कोणाकडून?

व्हीपीएनच्या जाहिरातीत दोन आश्वासनं शेजारी शेजारी दिसतात : ‘सात दिवस मोफत’ आणि ‘तीस दिवसांत पैसे परत’. दोन्हींचा अर्थ एकच, असं समजून अनेक जण कार्डाचा नंबर टाकून मोकळे होतात. पण पहिल्यात पैसे आधी तुमच्याकडेच असतात. दुसऱ्यात ते आधी कंपनीकडे जातात आणि नंतर मागावे लागतात. मागायचे ते कोणाकडे, हे मात्र तुम्ही पैसे कुठल्या वाटेनं भरले त्यावर ठरतं.

भारतातल्या गिऱ्हाइकाला मुख्य वाटा दोनच. एक, कंपनीच्या वेबसाइटवर जाऊन कार्डानं थेट खरेदी. दुसरी, फोनमधल्या गूगल प्ले किंवा अ‍ॅपलच्या अ‍ॅप स्टोअरमधून. वेबसाइटवर योजना लांबलचक आणि महिन्याच्या हिशेबानं स्वस्त दिसतात, पण पैसे बहुधा डॉलरमध्ये घेतले जातात आणि आपलं यूपीआय बऱ्याच ठिकाणी चालत नाही. रुपे कार्डाचंही परदेशी साइटवर अनेकदा अडतं. स्टोअरमधून घेतलं तर किंमत रुपयांत असते आणि यूपीआय सरळ चालतं. वॉलेटवाल्यांनाही हाच रस्ता सोपा, कारण आपल्याकडची बहुतेक वॉलेटं परदेशी दुकानात थेट पैसे देत नाहीत.

वेबसाइटवरची खरेदी जरा सावकाश पाहू. कार्डावर ‘आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार’ हे बटण चालू असावं लागतं. रिझर्व्ह बँकेच्या २०२०च्या नियमापासून नवं कार्ड येतं तेव्हा ही सोय बंदच असते, बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ती आपण सुरू करायची. ‘कार्ड नाकारलं’ असा संदेश आला की लोक कंपनीला शिव्या घालतात, पण पुष्कळदा कारण हे बटण असतं. दुसरं कारण जरा गमतीचं आहे. आधीच एखादं मोफत व्हीपीएन सुरू ठेवून नवं विकत घ्यायला बसलं, तर कार्ड भारताचं आणि इंटरनेटचा पत्ता नेदरलँड्सचा, असा मेळ न बसणारा व्यवहार पैसे घेणाऱ्या यंत्रणेला संशयास्पद वाटतो. पैसे भरताना व्हीपीएन बंद ठेवावं.

आता रकमेचा हिशेब. समजा, दोन वर्षांची योजना ८० डॉलरची आहे. परदेशी कंपनीनं भारतातल्या साध्या ग्राहकाला अशी सेवा विकली की त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि तो बहुतेक वेळा शेवटच्या पानावरच दिसतो. म्हणजे बिल ९४ डॉलर ४० सेंट. त्या दिवशी बँकेनं डॉलर ८५ रुपये धरला, तर ८,०२४ रुपये. बँकेचा परकीय चलन मार्कअप ३.५ टक्के धरू, ते झाले सुमारे २८१ रुपये, आणि त्या मार्कअपवर पुन्हा १८ टक्के जीएसटी म्हणजे साधारण ५१. स्टेटमेंटवर एकूण ८,३५५ रुपये दिसतील.

पंचविसाव्या दिवशी तुमचं मन फिरलं. कंपनीनं शब्द पाळला आणि पूर्ण ९४ डॉलर ४० सेंट परत केले. पण तोपर्यंत डॉलर ८४ रुपयांवर आला, तर तुमच्या खात्यात ७,९३० रुपये येतात. मार्कअप आणि त्यावरचा कर बँक सहसा परत देत नाही. पैसे ‘पूर्ण परत’ मिळूनही ४२५ रुपयांच्या आसपास गेलेच. यात लबाडी कोणाचीच नाही, पण जाहिरातीत हे कुणी सांगत नाही. डॉलर वाढला तर थोडं कमी जाईल, एवढंच. बिलाच्या पानावर ‘रुपयांत भरा’ असा पर्याय दिसला, तरी फार हुरळून जाऊ नये. दुकानदार परदेशी असेल, तर रुपयांतल्या व्यवहारावरही काही बँका वेगळं शुल्क लावतात, आणि दर ठरवणाराही दुकानदाराकडचाच असतो.

परताव्याच्या अटींमध्ये तीन ठिकाणी बोट ठेवून वाचावं. दिवस खरेदीच्या तारखेपासून मोजतात, वापर सुरू केल्यापासून नव्हे. गिफ्ट कार्ड किंवा क्रिप्टोनं भरलेले पैसे बऱ्याच ठिकाणी परताव्यातून वगळलेले असतात. आणि मुदत योजनेनुसार बदलते : सायबरघोस्ट लांबच्या योजनांना ४५ दिवस देते, पण महिन्याच्या योजनेला १४. ‘ऑटो-रिन्यूअल बंद केलं’ म्हणजे परतावा मागितला, असंही नाही. त्यासाठी चॅट किंवा ईमेलवर वेगळी मागणी करावी लागते आणि ऑर्डर नंबर द्यावा लागतो. उत्तर जपून ठेवा, कारण कंपनीनं लेखी कबूल करूनही पैसे आले नाहीत, तर बँकेत व्यवहाराबद्दल तक्रार नोंदवताना तेच कामी येतं.

आता स्टोअरची वाट. इथे पैसे घेणारी व्हीपीएन कंपनी नसून गूगल किंवा अ‍ॅपल असते, त्यामुळे कंपनीच्या साइटवरची ‘तीस दिवसांची हमी’ या खरेदीला लागू असेलच असं नाही. अ‍ॅपलकडून घेतलं तर परतावा अ‍ॅपलकडेच मागायचा, reportaproblem.apple.com या पानावर. गूगल प्लेवर खरेदीनंतरच्या पहिल्या ४८ तासांत गूगलकडे मागणी करता येते, त्यानंतर बहुधा अ‍ॅप बनवणाऱ्याकडे जायला सांगतात. कंपनीच्या चॅटवर बसलेला माणूस ‘अ‍ॅपलला विचारा’ म्हणतो, तो टोलवाटोलवी करतो असं वाटतं, पण इथे तो खरं बोलत असतो.

स्टोअरमधल्या मोफत ट्रायलची गंमत अशी की, अ‍ॅप फोनमधून काढून टाकलं तरी वर्गणी चालूच राहते. ती बंद करायची ती स्टोअरच्या ‘सबस्क्रिप्शन’ विभागात जाऊन. अ‍ॅपलच्या नियमानुसार ट्रायल संपायच्या किमान २४ तास आधी बंद करावं. बहुतेक वेळा पहिल्याच दिवशी बंद केलं तरी सेवा ट्रायल संपेपर्यंत चालते. मग वाट कशाला पाहायची?

यूपीआयवर ऑटोपे घेतलं असेल, तर पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना येते, आणि मँडेट अ‍ॅपमधूनच रद्द करता येतं. साधारणपणे १५ हजार रुपयांपर्यंतची पुढची कपात ओटीपी किंवा पिन न विचारता होते, म्हणून ती सूचना नजरेआड करू नये. मँडेट रद्द केलं तरी स्टोअरमधली वर्गणी स्वतंत्रपणे बंद करावी. नाहीतर पैसे भरले नाहीत म्हणून आठवण करणारे संदेश येत राहतात.

एवढी यातायात कशासाठी, तर व्हीपीएन आपल्या कामाला चालतं का हे आधी कळावं म्हणून. इथे भारताचा एक पेच आहे. सर्ट-इननं एप्रिल २०२२मध्ये ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवण्याचा आदेश दिल्यावर नॉर्ड, एक्स्प्रेस, सर्फशार्क या कंपन्यांनी भारतातले सर्व्हर हलवले. ‘भारत’ म्हणून दिसणारा सर्व्हर त्यानंतर अनेकदा दुसऱ्या देशात बसलेला असतो. वेग कमी पडतो का, बँकेचं अ‍ॅप उघडतं का, व्हिडिओ पाहता येतात का, हे घरच्या जोडणीवरच तपासावं लागतं. प्रोटॉनसारख्यांची कायमची मोफत योजनाही आहे. तिच्यात सर्व्हर निवडायची मुभा कमी असते, पण कार्डाला हात न लावता अंदाज येतो.

माझं मत विचाराल, तर पहिली खरेदी स्टोअरमधून यूपीआयनं आणि एकाच महिन्याची करावी, जरी ती महिन्याच्या हिशेबानं महाग पडली तरी. दोन वर्षांच्या सवलतीचा मोह झालाच, तर योजना संपल्यावर पुढच्या वर्षी किती पैसे कापले जाणार तो आकडा त्याच पानावर बारीक अक्षरांत असतो. तो वाचूनच कार्डाचा नंबर टाका.