मुतखड्याचे दोन हिशेब

मुतखडा काढण्याच्या पद्धतींची तुलना करणारा एक शोधनिबंध 1986 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. त्यातल्या दोन पाहू. जुनी पद्धत होती पोट किंवा कूस उघडून केलेली शस्त्रक्रिया. नवी होती पाठीला बारीक छिद्र पाडून दुर्बिणीने खडा काढण्याची. दोन्हींचे रुग्ण साडेतीनशे. उघड्या शस्त्रक्रियेने 273 जण बरे झाले, म्हणजे 78 टक्के. दुर्बिणीने 289, म्हणजे 83 टक्के. आकडे पाहून कोणीही दुर्बिणीलाच कौल देईल.

पण खड्याच्या आकाराप्रमाणे रुग्ण वेगळे केले की चित्र उलटतं. दोन सेंटिमीटरहून लहान खड्यांत उघडी शस्त्रक्रिया 87 पैकी 81 जणांत यशस्वी झाली, म्हणजे 93 टक्के. दुर्बीण 270 पैकी 234 जणांत, 87 टक्के. मोठ्या खड्यांत उघडी 263 पैकी 192, म्हणजे 73 टक्के. दुर्बीण 80 पैकी 55, जेमतेम 69. दोन्ही गटांत उघडी शस्त्रक्रियाच सरस, आणि बेरीज केली की तीच मागे. यालाच सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात.

बेरजेत चूक नाही. गोम आहे ती कोणाच्या वाट्याला कोणते रुग्ण आले यात. दुर्बिणीच्या साडेतीनशेपैकी 270 जणांचे खडे लहान होते, आणि लहान खडा कोणत्याही पद्धतीने सहज निघतो. उघड्या शस्त्रक्रियेकडे मात्र 263 अवघड रुग्ण होते. सोपी प्रश्नपत्रिका मिळालेल्या वर्गाचा निकाल चांगला लागावा, तसं हे झालं. म्हणजे एकत्रित टक्केवारीत उपचाराच्या गुणाबरोबर खड्याचा आकारही मोजला गेला होता.

यावर उपाय आहे. दोन्ही पद्धतींना सारखेच रुग्ण मिळाले असं धरायचं: एकूण सातशेत लहान खड्याचे 357 आणि मोठ्याचे 343. प्रत्येक गटातला यशाचा दर या संख्यांना लावला, की उघड्या शस्त्रक्रियेचं यश सुमारे 83 टक्के येतं आणि दुर्बिणीचं सुमारे 78. आकडे जवळजवळ तेच, फक्त मालक बदलले!

म्हणून उघडी शस्त्रक्रियाच चांगली, असंही लगेच म्हणता येत नाही. गटागटांतला चार-सहा टक्क्यांचा फरक एवढ्या रुग्णांत योगायोगानेही पडू शकतो. शिवाय उघड्या शस्त्रक्रिया 1972 ते 1980 मधल्या आणि दुर्बिणीच्या त्यानंतरच्या, त्यामुळे काळाचा फरकही मध्ये येतो. आणि दर वेळी गट पाडणं योग्यच असतं असं नाही. खड्याचा आकार उपचाराआधीच ठरलेला असतो आणि डॉक्टर तो पाहूनच पद्धत निवडतात, म्हणून इथे गट पाडायलाच हवेत. उलट उपचारामुळेच घडलेल्या गोष्टीवरून, समजा शस्त्रक्रियेनंतर किती रक्तस्राव झाला त्यावरून, गट पाडले तर उपचाराच्या परिणामाचाच एक भाग आपण हिशेबातून काढून टाकतो. अशा वेळी एकत्रित आकडाच अधिक खरा असतो.