सरीचं पाणी कधी मोडायचं?

सांगली-कोल्हापूरकडच्या उसाच्या रानात दारं धरणाऱ्याची एक ठरलेली पद्धत असते. पाणी सरीच्या शेवटाला पोचलं की ते पुढच्या सरीत मोडायचं. रात्रीच्या पाळीची वीज असेल, तर मोटर चालू करून बऱ्याच सऱ्या एकदम उघडायच्या आणि पहाटे येऊन बघायचं. दोन्ही पद्धतींत एक गोष्ट हिशेबात धरली जात नाही. सरीच्या तोंडाशी पाणी सर्वांत आधी येतं आणि तिथं ते जास्त वेळ मुरतं. शेवटाला ते उशिरा पोचतं, त्यामुळे तिथं मुरायला कमी वेळ मिळतो. रान सारखं भिजवायचं म्हणजे या दोन वेळांमधलं अंतर कमी करायचं.

त्यासाठी सुरुवातीला धार मोठी हवी. पाणी निवांत मुरावं म्हणून अनेक जण सरीत बारीक धार सोडतात, पण तिचा उलटा परिणाम होतो. धार वरच्या अंगालाच जिरत राहते आणि शेवटाला पोचायला तिला काही तास लागतात. तोवर वरच्या उसाच्या मुळांखालून पाणी निघून गेलेलं असतं आणि त्यासोबत नत्रही वाहून गेलेलं असतं. सिंचनशास्त्रातला ढोबळ नियम असा, की शेवटाला जितका वेळ पाणी मुरायला हवं, त्याच्या साधारण पाव वेळात ते तिथं पोचलं पाहिजे.

धार मोठी करण्यालाही मर्यादा आहे, कारण फार जोराचं पाणी माती उचलतं. त्यासाठी सोपं गणित वापरतात: 0.6 ला उताराच्या टक्केवारीनं भागायचं, म्हणजे सेकंदाला किती लिटर चालेल ते कळतं. शंभर मीटरला 30 सेंटीमीटर उतार असेल, तर उतार 0.3 टक्के होतो आणि धार 2 लिटरपर्यंत चालते. उतार दुप्पट असेल तर 1 लिटरच. धार मोजायला 20 लिटरची बादली पुरते. ती दहा सेकंदांत भरली की धार 2 लिटरची. सरीतून सतत गढूळ पाणी वाहू लागलं, तर आकडा काहीही सांगो, धार कमीच करायला हवी.

आता एक हिशेब मांडू. मध्यम जमीन, चार फुटी म्हणजे 1.2 मीटरची सरी, लांबी 100 मीटर आणि उतार 0.3 टक्के. पिकाला 60 मिलिमीटर पाणी द्यायचं आहे. सरीच्या वाट्याचं क्षेत्र 120 चौरस मीटर, म्हणजे गरज 7,200 लिटरची. एवढं पाणी मुरायला या जमिनीत दोन तास लागतात असं धरू. धार 2 लिटरची सोडली आणि पाणी अर्ध्या तासात शेवटाला पोचलं. पाव वेळेचा नियम इथं पाळला गेला.

यापुढे दोन तास तीच धार चालू ठेवली, तर अडीच तासांत सरीत 18,000 लिटर पाणी जाईल. गरजेच्या अडीच पट! जमिनीचा मुरण्याचा वेग सुरुवातीला जास्त असतो आणि नंतर उतरत जातो. त्यामुळे उरलेल्या पाण्यातलं बरंचसं शेवटाच्या चरातून बाहेर पडतं.

म्हणून पाणी शेवटाला पोचताच धार निम्मी करायची. पहिल्या अर्ध्या तासात 3,600 लिटर आणि पुढच्या दोन तासांत 1 लिटरच्या धारेनं 7,200, असे मिळून 10,800 लिटर होतात. तरीही चरातून पाणी वाहत असेल, तर धार आणखी खाली आणायची. ती 0.7 लिटरवर आणली, तर एकूण पाणी 8,640 लिटरवर येतं. मोटरचं पाणी 8 लिटर असेल, तर आधी चार सऱ्या उघडायच्या. त्यांची धार निम्मी केली की उरलेल्या 4 लिटरमध्ये नव्या दोन सऱ्या चालतात.

काळ्या भारी जमिनीत वेगळा विचार करावा लागतो. भेगा भरेपर्यंत ती झपाट्यानं पाणी पिते आणि फुगली की तिचं पिणं एकदम मंदावतं. अशा रानात उतार कमी असेल आणि सरीचा शेवट बांधलेला असेल, तर पाणी साधारण तीन चतुर्थांश सरीपर्यंत पोचताच ते मोडून पाहायला हरकत नाही. सरीत साठलेलं पाणी पुढे सरकत राहतं आणि उरलेला भाग भिजवतं.

नेमका क्षण प्रत्येक रानाचा वेगळा असतो. दर 25 मीटरवर खुंटी ठोकून पाणी तिथं कधी पोचलं याची वेळ टिपावी. दुसऱ्या दिवशी लोखंडी सळई सरीच्या तोंडाशी, मध्यावर आणि शेवटाला खुपसून पाहावी. ओल्या मातीत ती सहज जाते आणि कोरड लागली की अडते. शेवटाला ती वरवरच अडली, तर पुढच्या पाळीला पाणी थोडं उशिरा मोडावं. शेवटाला डबकं साचलं असेल, तर थोडं आधी. उसाच्या बांधणीनंतरच्या पहिल्या पाण्याला मात्र आधीची टिपणं लागू पडत नाहीत. भुसभुशीत माती जास्त पाणी पिते आणि धार सावकाश पुढे जाते, म्हणून त्या पाण्याला खुंट्यांवरच्या वेळा नव्यानं टिपाव्या लागतात.