भाड्याचं मशीन, ताळेबंदातलं कर्ज

पुण्यातल्या एका छपाई कंपनीचं उदाहरण कल्पून बघू. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड, आकाराने लहान. तिला डिजिटल प्रिंटिंग मशीन हवंय. बाजारात किंमत 38 लाख, आणि तंत्र बदलत असल्याने आयुष्य फार तर सहा वर्षं. लीज कंपनी म्हणते, मशीन आम्ही घेतो, तुम्ही पाच वर्षं दरवर्षाच्या शेवटी 10 लाख भाडं द्या. दुरुस्ती आणि विमा तुमच्याकडे. मुदतीआधी परत करायचं असेल, तर उरलेलं सगळं भाडं भरा.

करारावर ‘भाडेकरार’ असंच लिहिलेलं असतं. त्यामुळे मालकाला वाटतं, भाडं खर्चात टाकलं की काम संपलं. पण लीजचा लेखा मानक क्रमांक 19 मथळा पाहत नाही, व्यवहार पाहतो. मशीनमधली जोखीम आणि फायदा यांचा बहुतेक सगळा भाग कोणाकडे गेला, हा त्याचा प्रश्न असतो. इथे सहापैकी पाच वर्षं मशीन छपाईवाल्याकडेच राहणार. शिवाय 10 टक्के व्याजदर धरला, तर पुढच्या पाच हप्त्यांचं आजचं मूल्य 37.91 लाख येतं, म्हणजे जवळपास मशीनची पूर्ण किंमत. मशीन मधेच जुनाट ठरलं तरी भुर्दंड छपाईवाल्यालाच. नावापुरतं भाडं, प्रत्यक्षात कर्जाने खरेदी. याला म्हणतात फायनान्स लीज.

मग वह्यांत काय होतं? कायद्याने मशीन लीज कंपनीचं असलं, तरी पहिल्याच दिवशी छपाई कंपनीच्या ताळेबंदात एका बाजूला 37.91 लाखांचं मशीन आणि दुसऱ्या बाजूला तेवढंच देणं उभं राहतं. लीज कंपनीच्या वह्यांत मशीन दिसत नाही, दिसते ती येणे रक्कम. वर्षअखेर भरलेल्या 10 लाखांचे दोन तुकडे पडतात. 3.79 लाख व्याज नफा-तोटा पत्रकात जातं आणि उरलेले 6.21 लाख देण्यातून वजा होतात. देणं 31.70 लाखांवर येतं. मशीन पाच वर्षांनी परत जाणार असल्याने घसारा त्याच पाच वर्षांत वाटायचा, म्हणजे दरवर्षी 7.58 लाख. पहिल्या वर्षाचा खर्च झाला 11.37 लाख. पाचव्या वर्षी व्याज 91 हजारांवर उतरतं आणि खर्च साधारण साडेआठ लाख होतो. पाच वर्षांची बेरीज 50 लाखच, भाडं भरलं तेवढीच. फक्त ओझं सुरुवातीला जास्त.

हेच मशीन दोन वर्षांसाठी घेतलं, नंतर लीज कंपनी ते दुसऱ्या कोणाला देणार आणि जुनाट होण्याचा धोकाही तिचाच, असं असेल तर ती ऑपरेटिंग लीज. तेव्हा ताळेबंदात ना मशीन ना कर्ज, नुसतं भाडं खर्चात. इथेही एक चूक हमखास होते. समजा पहिल्या वर्षी 10 लाख आणि दुसऱ्या वर्षी 12 लाख ठरले. मशीनचा वापर दोन्ही वर्षं सारखाच होणार असेल, तर भरले तेवढेच नोंदवून चालत नाही. दोन्ही वर्षं 11-11 लाख खर्च दाखवायचा आणि पहिल्या वर्षीचा फरकाचा एक लाख देणं म्हणून ठेवायचा.

हा फरक हिशेबनिसापुरता राहत नाही. समजा कंपनीचं स्वतःचं भांडवल 40 लाख आणि बँकेचं कर्ज 30 लाख आहे. फायनान्स लीज नोंदवताच कर्ज 67.91 लाख होतं. भांडवलाच्या पाऊणपट असलेलं देणं एकदम 1.7 पट दिसतं. बँक हाच आकडा पाहते. म्हणून कागदावर ऑपरेटिंग लीज दिसेल अशा बेताने करार लिहून घेण्याची ओढ असते आणि ती फक्त लहान उद्योगांत असते असं नाही. आंतरराष्ट्रीय लेखा मानक मंडळाचे माजी अध्यक्ष सर डेव्हिड ट्वीडी म्हणत असत, की विमान कंपनीच्या ताळेबंदात खरोखर असलेल्या विमानातून मरण्यापूर्वी एकदा तरी उडायचं आहे.

पुढे नियम बदलले. भारतात 1 एप्रिल 2019 पासून इंड एएस 116 लागू झालं. सूचिबद्ध आणि मोठ्या कंपन्यांत भाड्याने घेणाऱ्यासाठी हा भेद त्याने जवळपास मिटवला. बारा महिन्यांपर्यंतची किंवा अगदी कमी किमतीच्या वस्तूची लीज वगळता सगळं ताळेबंदात येतं. आपल्या छपाई कंपनीसारख्यांना मात्र जुनं मानक 19 च लागू आहे.

आयकराचा हिशेब मात्र वेगळाच. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने 2001 च्या परिपत्रकात स्पष्ट केलं, की लेखा मानकाप्रमाणे मशीन वहीत घेतलं म्हणून आयकरातल्या घसाऱ्याच्या हक्कावर परिणाम होत नाही. त्यामुळे एकाच मशीनचा घसारा छपाई कंपनीच्या वहीत आणि लीज कंपनीच्या विवरणपत्रात दिसू शकतो.